एकास सहा, एकास चार आणि न मोजलेले पाणी

विटांचे बांधकाम आणि भिंतीचा गिलावा यांच्या मसाल्यात सिमेंट व रेती यांचे प्रमाण वेगळे का असते आणि जादा पाण्याने मसाला कमकुवत का होतो

पावसाळा सरला की गोव्यात घरदुरुस्तीची आणि नव्या बांधकामांची कामे सुरू होतात. कुठे मागील दारी एखादी खोली वाढवली जाते, कुठे कुंपणाची भिंत उभी राहते, तर कुठे मागच्याच वर्षी केलेला गिलावा पुन्हा खरवडून काढण्याची वेळ येते. एकाच पावसात गिलाव्याला तडे गेले, तो फुगला किंवा बोट लावताच त्याची भुकटी होऊ लागली, की पहिला संशय सिमेंटवर जातो. ‘माल हलका वापरला’ किंवा ‘सिमेंट कमी घातले’ असे म्हटले जाते. अनेकदा सिमेंट पुरेसे असते, परंतु अंदाजपत्रकात ज्याची नोंदच नसते असा मसाल्याचा तिसरा घटक, म्हणजे पाणी, प्रमाणाबाहेर गेलेला असतो.

अंदाजपत्रकात ‘वीटकाम १:६’ किंवा ‘बाहेरचा गिलावा १:४’ एवढेच लिहिलेले असते. पहिला आकडा सिमेंटचा आणि दुसरा रेतीचा. ही मापे वजनाची नसून आकारमानाची असतात. ५० किलोच्या एका गोणीत सुमारे ३५ लिटर सिमेंट मावते. म्हणून आत ४० सेंटिमीटर लांब, ३५ सेंटिमीटर रुंद आणि २५ सेंटिमीटर उंच अशी लाकडी किंवा पत्र्याची पेटी केली, तर ती भरून घेतलेली रेती नेमकी एका गोणीच्या मापाची होते. १:६ साठी एका गोणीला अशा सहा पेट्या, १:४ साठी चार पेट्या, असा हा सरळ हिशेब आहे. प्रत्यक्षात पेटीऐवजी घमेल्याने मोजणी होते. सकाळचे घमेले शिगोशीग भरलेले असते, दुपारचे अर्धवट. त्यामुळे एकाच भिंतीच्या खालच्या आणि वरच्या थरांत वेगवेगळा मसाला जातो.

विटांच्या सांध्यातला मसाला

विटांच्या दोन थरांमधील मसाल्याची जाडी साधारण १० मिलिमीटर असते. विटांचे पृष्ठभाग कधीच पूर्ण सपाट नसतात. वरच्या विटेचा भार खालच्या विटेवर सर्वत्र सारखा पोहोचवणे, फटी बुजवणे आणि विटांना एकमेकींशी धरून ठेवणे हे सांध्यातल्या मसाल्याचे काम. त्याला मुख्यतः दाब सोसावा लागतो आणि हा दाब वाटतो तितका मोठा नसतो. तीन मीटर उंचीच्या वीटभिंतीच्या तळाशी तिच्या स्वतःच्या वजनामुळे दर चौरस सेंटिमीटरवर अर्ध्या किलोहून थोडासा अधिक भार येतो. भारतीय मानकांनुसार १:६ मसाल्याची दाब सोसण्याची क्षमता २८ दिवसांनंतर दर चौरस सेंटिमीटरला किमान ३० किलोच्या आसपास असावी लागते. १:५ साठी हा आकडा ५० आणि १:४ साठी ७५ किलोच्या घरात जातो. म्हणून नऊ इंची भिंतीला १:६ चा मसाला सर्वसाधारण घरासाठी पुरेसा ठरतो.

सिमेंट वाढवले तर भिंत अधिक मजबूत होईल, असा समज असतो. परंतु भिंतीची ताकद प्रामुख्याने विटेवर अवलंबून असते. मसाला दुप्पट मजबूत केल्याने भिंत दुप्पट मजबूत होत नाही. उलट मसाला विटेपेक्षा कडक झाला की वेगळीच अडचण उभी राहते. पाया किंचित खचला किंवा उन्हापावसाने भिंत थोडी आकुंचन पावली, की ताण कुठेतरी मोकळा व्हावाच लागतो. सांधा विटेपेक्षा थोडा नरम असेल तर बारीक तडे सांध्यासांध्यांत विखुरतात, दिसत नाहीत आणि नंतर बुजवताही येतात. सांधा विटेहून कडक असेल तर तडा विटा फोडत सरळ खाली उतरतो.

साडेचार इंची आडभिंतीचे मात्र वेगळे आहे. ती बारीक असल्याने तिला वाकण्याचा, धक्क्याने हलण्याचा धोका अधिक. तेथे विटा एकमेकींना घट्ट धरून ठेवण्याला महत्त्व येते, म्हणून १:४ चा मसाला घेतात. चिऱ्यांच्या भिंतींनाही हाच विचार लागू पडतो. जांभा सच्छिद्र असतो आणि त्यालाही आपल्याहून कडक सांधा मानवत नाही.

गिलाव्याचे काम निराळे

गिलाव्यावर भिंतीचा भार येत नाही. तो भिंतीची कातडी आहे. त्याला उभ्या पृष्ठभागाला चिकटून राहायचे असते, पाणी आत जाऊ द्यायचे नसते आणि ऊन-वाऱ्याला तोंड द्यायचे असते. भिंतीच्या मानाने तो अतिशय पातळ असतो. आतला गिलावा साधारण १२ मिलिमीटर, तर बाहेरचा दोन थर मिळून सुमारे २० मिलिमीटर जाडीचा. एवढ्या पातळ थराचा एवढा मोठा चेहरा उघड्यावर असल्याने त्यातील पाणी भराभर उडून जाते. सांध्यातल्या मसाल्याला दोन्ही बाजूंनी विटांचा आडोसा मिळतो, तो गिलाव्याला मिळत नाही.

आतल्या भिंतींना पावसाचा मारा नसतो, म्हणून तेथे १:६ किंवा १:५ चालते. बाहेरच्या भिंतींवर वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या प्रदेशात १:४ घेणे योग्य. सिमेंट अधिक असल्याने रेतीच्या कणांमधील पोकळ्या नीट भरतात आणि पाणी झिरपण्याच्या वाटा कमी होतात. मग १:३ किंवा १:२ का नको? कारण सिमेंट वाळताना आकसते. सिमेंट जितके अधिक तितके आकसणे अधिक. भिंत आहे तिथेच राहते आणि तिच्यावरची कातडी मात्र आकसू पाहते. या ओढाताणीत गिलाव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे पडतात. पहिल्या पावसात पाणी नेमके याच तड्यांतून आत शिरते. जादा सिमेंट घालूनही भिंत ओली होते ती अशी.

यातूनच गवंडीकामातला एक जुना नियम आला आहे. आतला थर मजबूत आणि बाहेरचा थर त्याच्याइतका किंवा त्याहून थोडा नरम असावा. नरम पायावर कडक थर चढवला तर वरचा थर आकसताना खालच्याला सोलून काढतो. गिलाव्यासाठी रेतीही चाळून, थोडी बारीक घेतात, म्हणजे पृष्ठभाग एकसारखा येतो. मात्र ती फार बारीक असू नये. कण जितके बारीक तितके त्यांचे एकूण पृष्ठफळ अधिक आणि ते भिजवायला पाणीही अधिक लागते.

पाणी नेमके काय करते

सिमेंट ‘वाळून’ कठीण होते असे सर्रास म्हटले जाते. ते खरे नव्हे. सिमेंट पाण्याशी रासायनिक संयोग पावून कठीण होते, म्हणूनच ते पाण्याखालीही घट्ट होते. या संयोगात सिमेंटच्या वजनाच्या सुमारे २३ टक्के पाणी कायमचे बांधले जाते. त्यातून तयार होणाऱ्या अतिसूक्ष्म जाळीत आणखी सुमारे १५ टक्के पाणी अडकून राहते. ५० किलोच्या गोणीसाठी हे एकूण १९ लिटर होतात. सिमेंटची स्वतःची तहान एवढीच.

परंतु एवढ्याच पाण्यात १:६ चा मसाला कालवता येत नाही. रेतीचा प्रत्येक कण भिजावा लागतो आणि मसाला थापीवर घेऊन पसरण्याइतका मऊ व्हावा लागतो. त्यासाठी एका गोणीच्या १:६ मसाल्याला रेतीच्या बारीकपणानुसार एकूण ४० ते ५० लिटर पाणी लागते. म्हणजे निम्म्याहून अधिक पाणी केवळ हाताळणीच्या सोयीसाठी असते. त्यातले काही विटा आणि भिंत शोषून घेतात, उरलेले हळूहळू उडून जाते. ते जिथे होते तिथे रिकामी जागा राहते. मसाल्याच्या पोटात अशा सूक्ष्म नळ्यांचे जाळे तयार होते. ते ताकद कमी करते आणि पाण्याला आत येण्याची वाटही करून देते.

१:६ पेक्षा १:४ चा मसाला मजबूत का, याचे अर्धे उत्तर येथे मिळते. १:४ मध्ये एका गोणीमागे रेती कमी, म्हणून ती भिजवायला लागणारे पाणीही कमी. सिमेंटच्या मानाने पाणी कमी, म्हणून पोकळ्याही कमी. अमेरिकेतील संशोधक डफ अ‍ॅब्रम्स यांनी १९१८ मध्ये काँक्रीटविषयी हाच नियम मांडला. हाताळता येण्याजोग्या मिश्रणाची ताकद मुख्यतः पाणी आणि सिमेंट यांच्या परस्पर प्रमाणावर ठरते. पाणी वाढले की ताकद घटते.

आता समजा, मसाला सैल व्हावा म्हणून कामगाराने एका गोणीच्या मिश्रणात दहा लिटर पाणी जादा ओतले. एका गोणीचा १:६ मसाला तयार झाल्यावर सुमारे २०० लिटर भरतो. दहा लिटर म्हणजे त्याचा विसावा भाग. हे सारे पाणी मसाल्यातच राहून नंतर उडाले, तर मसाल्याच्या आकारमानात ५ टक्के पोकळ्यांची भर पडते. काँक्रीटमध्ये एवढ्या पोकळीने ताकद ३० टक्क्यांपर्यंत घटू शकते, असे प्रयोगांत आढळलेले आहे. गोणीतील सिमेंट तेच, रेतीच्या पेट्याही तेवढ्याच, कागदावरचे १:६ ही तसेच. केवळ एका बादलीने मसाल्याची प्रत बदलते.

जादा पाण्याचा दुसरा परिणाम लगेच दिसतो. सैल मसाल्यात जड रेती खाली बसते आणि सिमेंटचे पाणी वर येते. उभ्या भिंतीवर असा गिलावा ओघळू लागतो. मग तो आवरण्यासाठी ओल्या गिलाव्यावर कोरडे सिमेंट भुरभुरतात आणि रंध्याने घोटून पृष्ठभाग गुळगुळीत करतात. काम सुबक दिसते. प्रत्यक्षात आत पाणचट थर आणि वर निव्वळ सिमेंटची पापडी, अशी वर सांगितलेल्या नियमाच्या नेमकी उलट रचना तयार होते. ही पापडी तडकते आणि काही महिन्यांत सुटू लागते.

ओल्या रेतीचा दुहेरी घोटाळा

पाणी बादलीतूनच येते असे नाही. ते रेतीबरोबरही येते. दमट रेतीच्या कणांभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा असतो. तो कणांना एकमेकांपासून दूर ठेवतो, त्यामुळे रेती फुगते. सुमारे ५ टक्के ओलावा असलेली मध्यम रेती कोरड्या रेतीपेक्षा २५ टक्के अधिक जागा व्यापू शकते. अशा रेतीच्या सहा पेट्यांत खरी रेती पाच पेट्यांहूनही कमी, ४.८ पेट्या एवढीच असते. १:६ करायचे असेल तर तिच्या साडेसात पेट्या घ्याव्या लागतात.

या साडेसात पेट्यांमध्ये कोरड्या रेतीचे वजन सुमारे ३३६ किलो भरते. त्याच्या ५ टक्के, म्हणजे जवळपास १७ लिटर पाणी रेतीने आधीच आणलेले असते. मसाल्याला एकूण ४५ लिटर पाणी हवे असेल तर वरून २८ लिटरच घालायला हवे. कोरड्या रेतीच्या सवयीने पूर्ण ४५ लिटर ओतले तर मिश्रणात ६२ लिटर पाणी जाते. रात्री पाऊस पडून गेल्यावर सकाळी केलेला मसाला कालच्याहून पातळ का झाला, याचे कारण हेच.

रेतीची फुगवट तपासायला कोणतेही यंत्र लागत नाही. सरळ बाजूंच्या भांड्यात दमट रेती न दाबता २० सेंटिमीटर उंचीपर्यंत भरावी. ती काढून ठेवावी, भांडे अर्धे पाण्याने भरावे आणि तीच रेती परत घालून काठीने ढवळावी. पाण्यात पूर्ण बुडालेली रेती मूळ आकारमानावर येते. ती १६ सेंटिमीटरवर बसली, तर चार सेंटिमीटरची फुगवट सोळाच्या पाव हिस्सा, म्हणजे २५ टक्के झाली.

नदीच्या रेतीची टंचाई असल्याने आता दगड भरडून केलेली रेतीही सर्रास वापरली जाते. तिच्यात दगडाची भुकटी जास्त असेल तर ती पाणी ओढून घेते. नदीच्या रेतीत गाळ असला तरी तोच परिणाम होतो. समुद्रकिनाऱ्यावरची रेती मात्र कामाला घेऊच नये. तिच्यातील मिठामुळे भिंतीला लोणा लागतो.

एका भिंतीचा हिशेब

तीन मीटर लांब आणि तीन मीटर उंच, नऊ इंची, दारे-खिडक्या नसलेली एक वीटभिंत घेऊ. एक बाजू घराच्या आत, दुसरी पावसाकडे.

भिंतीचे घनफळ सुमारे २.०७ घनमीटर होते. एक घनमीटर वीटकामात साधारण पाव घनमीटर मसाला जातो, म्हणून एकूण ०.५२ घनमीटर मसाला लागेल. एक घनमीटर १:६ मसाल्याला पाच गोण्या सिमेंट लागते. त्या हिशेबाने बांधकामाला २.६ गोण्या. आतल्या बाजूच्या १२ मिलिमीटर गिलाव्याला, सांधे भरण्यासह, सुमारे ०.१३ घनमीटर मसाला लागतो. १:६ ने त्याला ०.६५ गोणी. बाहेरच्या २० मिलिमीटर गिलाव्याला सुमारे ०.२ घनमीटर मसाला लागतो. १:४ च्या एक घनमीटर मसाल्यात ३८० किलो सिमेंट असते, म्हणून येथे दीड गोणी. एकूण पावणेपाच गोण्या. सांडलवंड धरून पाच.

या हिशेबातील एक गोष्ट लक्ष देण्याजोगी आहे. बाहेरचा गिलावा आकारमानाने बांधकामातील मसाल्याच्या निम्म्याहूनही कमी असूनही त्याला निम्म्याहून अधिक सिमेंट लागते. काटकसरीची कात्री म्हणूनच बहुधा येथे लागते आणि पावसाचा मारही येथेच बसतो.

कामावर काय पाहावे

सिमेंट आणि रेती आधी कोरडीच, रंग एकसारखा होईपर्यंत मिसळावी. मग पाणी थोडे थोडे घालावे. तयार मसाला मुठीत दाबला की त्याचा गोळा टिकावा, बोटांच्या फटींतून पाणी गळू नये. थापीवर घेतलेला मसाला थापी थोडी तिरपी केल्यावरही जागेवर राहिला पाहिजे. साधे सिमेंट पाणी लागल्यापासून अर्ध्या तासानंतर कधीही घट्ट होऊ लागते, म्हणून तेवढ्या वेळात संपेल इतकाच मसाला कालवावा. जेवणाच्या सुट्टीनंतर आळलेल्या मसाल्यात पाणी ओतून तो पुन्हा मऊ करण्याची सवय सर्वांत घातक. आत जुळू लागलेली जाळी त्यामुळे मोडते आणि वर पाणीही वाढते.

विटा कोरड्या असल्या तरी मसाला पातळ करण्याचा मोह होतो. चांगली वीटही आपल्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी शोषू शकते. तीन किलोच्या विटेला हे ६०० ग्रॅम होतात. कोरडी वीट सांध्यातले पाणी ओढून घेते आणि मसाला भुसभुशीत राहतो. त्यावर उपाय मसाल्यात पाणी वाढवणे हा नव्हे, तर विटा आधी भिजवून, वरचे पाणी निथळल्यावर लावणे हा आहे. गिलाव्यापूर्वीही भिंत ओलसर करावी, सांधे सुमारे १० मिलिमीटर खोल कोरून घ्यावेत, म्हणजे गिलाव्याला पकड मिळते.

बिघाड ओळखण्याच्या खुणाही सोप्या आहेत. पंधरा-वीस दिवसांनी खिळ्याने ओरखडा काढला असता रेतीची भुकटी झडू लागली, तर पाणी जास्त झाले, सिमेंट कमी पडले किंवा नंतर भिंतीला पाणी मारले गेले नाही. बोटाच्या पेराने ठोकल्यावर पोकळ, बद्द आवाज आला, तर गिलावा भिंतीपासून सुटला आहे. जाळीदार बारीक तडे दिसले, तर वरचा थर फार सिमेंटचा झाला किंवा उन्हात झपाट्याने वाळला. पोकळ वाजणारा भाग काढून नव्याने करण्याला पर्याय नसतो. त्यावर रंग किंवा लेप चढवल्याने आतली हवा आणि पाणी जात नाही.

एकदा मसाला घट्ट झाला की मात्र पाण्याची भूमिका पूर्णपणे उलटते. सिमेंटचा पाण्याशी संयोग अनेक दिवस चालू असतो. पृष्ठभाग सुकला की तो थांबतो आणि पुढची ताकद येतच नाही. म्हणून बांधकाम आणि गिलावा दोन्ही किमान सात दिवस सतत ओले ठेवावे लागतात. दिवसातून एकदा शिंपडून भागत नाही, विशेषतः उन्हाच्या बाजूच्या भिंतीवर. कालवताना वाचवलेली बादली दुसऱ्या दिवसापासून भिंतीवर मारावी.